रिपोर्ट नॉर्मल, झोप पाच तास

प्रश्न: माझं वय ३८. डोंबिवलीहून रोज बीकेसीला जातो. झोपायला साडेबारा होतात आणि ५.४० ला उठतो. दहा वर्षं असंच चाललंय, आता सवय झाली आहे. रविवारी मात्र दहा तास झोपून भरपाई करतो. वजन ६४ किलो, उंची ५ फूट ६ इंच, तंबाखू-दारू नाही. कंपनीच्या चेकअपमध्ये बीपी १२८/८४, उपाशीपोटी शुगर ९७, एचबीएवनसी ५.६ आलं, म्हणजे सगळं नॉर्मल. कमी झोपेमुळे बीपी-शुगर होते असं म्हणतात, ते माझ्यासारख्या निरोगी माणसाला खरंच लागू आहे का?

उत्तर: तुमच्या रिपोर्टपेक्षा मला तुमचा रविवार जास्त बोलका वाटतो. काही माणसांना जन्मतःच कमी झोप पुरते. ती सुट्टीच्या दिवशीही गजर न लावता पाच-साडेपाच तासांनी ताजीतवानी उठतात. अशी माणसं फार थोडी. मोकळीक मिळाल्यावर जो दहा तास झोपतो, त्याचं शरीर आठवडाभर उपाशी असतं. त्यात साडेबारा ते ५.४० हा तुमचा अंथरुणातला वेळ झाला. झोप लागेपर्यंतची मिनिटं आणि मधली जाग वजा केली तर हातात साडेचार-पावणेपाच तास उरत असतील. माणसं स्वतःची झोप सहसा वाढवूनच सांगतात, तेही मुद्दाम नाही.

सवयीचं म्हणाल तर ती होते, पण फक्त जाणिवेला. २००३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी निरोगी लोकांना सलग १४ दिवस रोज सहा किंवा चारच तास अंथरुणात राहू दिलं. सुरुवातीचे काही दिवस लोकांना पेंग जाणवली, मग ती जाणीव जवळजवळ तिथेच थबकली. लक्ष किती टिकतं याच्या चाचण्या मात्र दिवसागणिक बिघडतच गेल्या. त्यामुळे ‘मला काही त्रास नाही’ या वाक्याला मी दवाखान्यात फारसं वजन देत नाही. बीपी आणि शुगर तर तशाही न बोलता वाढणाऱ्या गोष्टी.

आता रिपोर्टकडे येऊ. तुमचे तिन्ही आकडे नॉर्मल आहेत, पण तिन्ही काठावर बसलेले आहेत. उपाशीपोटीची शुगर १०० ला आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज, ५.७ ला पोहोचलं की आपण मधुमेहपूर्व स्थिती म्हणतो. खरा मुद्दा त्याहून वेगळा आहे. चेकअपमध्ये बीपी दिवसा, खुर्चीवर बसवून घेतात आणि शुगर सकाळी उपाशीपोटी. कमी झोपेचा परिणाम सुरुवातीला नेमका या दोन वेळांना कमी दिसतो. बीपीच्या बाबतीत तो रात्री दिसतो, शुगरच्या बाबतीत खाल्ल्यानंतर. जिथे आपण मापच घेत नाही तिथे.

आधी बीपी. निरोगी माणूस झोपला की त्याचं बीपी दिवसाच्या तुलनेत साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरतं. रक्तवाहिन्यांना आणि हृदयाला रोज मिळणारी ही विश्रांती. याचा हिशोब करून पाहा. समजा एखाद्याचं वरचं बीपी जागेपणी सरासरी १२६ आणि झोपेत १०८ आहे. तो आठ तास झोपला तर २४ तासांची सरासरी १२० येते. तोच माणूस पाच तास झोपला, बाकी काहीही बदललं नाही, तरी सरासरी १२२ च्या पुढे जाते, कारण उताराचे तीन तास चढाच्या खात्यात गेले. पण बाकी काही बदलत नाही असंही होत नाही. झोप तुटली की शरीराला सतर्क ठेवणारी मज्जासंस्था, जी नॉरअ‍ॅड्रेनलिन सोडून रक्तवाहिन्या आवळते, ती दिवसाही थोडी ताणलेली राहते आणि रात्रीही पूर्ण सैल होत नाही. म्हणून जागेपणीचे १२६ हे १२८ झाले आणि झोपेतले १०८ हे ११४ झाले असं धरू. आता सरासरी १२५. दवाखान्यात या माणसाचं बीपी दोन अंकांनी वाढलेलं दिसेल आणि कोणीही त्याकडे लक्ष देणार नाही. चोवीस तासांचा भार मात्र पाच अंकांनी वाढलेला असेल, आणि तो रोज.

हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत. पण दिशा खरी आहे. अमेरिकेत ३३ ते ४५ वयाच्या, म्हणजे तुमच्याच वयाच्या, सुमारे पावणेसहाशे लोकांची झोप मनगटावरच्या यंत्राने मोजून पाच वर्षांनी पुन्हा बीपी तपासलं होतं. २००९ साली त्याचे निष्कर्ष आले. दर एक तास कमी झोपेमागे नव्याने उच्च रक्तदाब जडण्याची शक्यता ३७ टक्क्यांनी जास्त निघाली. लोकांना विचारून नव्हे, यंत्राने मोजून केलेला अभ्यास म्हणून मी त्याला जास्त मानतो.

शुगरची गोष्ट जास्त फसवी आहे. १९९९ साली शिकागोमध्ये ११ निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार तास अंथरुणात राहू दिलं. टोचून दिलेली साखर रक्तातून हटवण्याचा त्यांचा वेग, नंतर भरपूर झोपवल्यावरच्या वेगाच्या तुलनेत, ४० टक्क्यांनी कमी भरला. आठवडाभरात तिशीच्या आतल्या धडधाकट मुलांची ही गत! यावर रास्त आक्षेप असा की चार तास कोण झोपतं, आणि आठवडाभराच्या प्रयोगावरून दहा वर्षांचं काय सांगणार? म्हणून २०२३ साली आलेला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचा प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात रोज नीट झोपणाऱ्या निरोगी महिलांना त्यांच्या स्वतःच्या घरी, नेहमीचं आयुष्य चालू ठेवून, सहा आठवडे सुमारे दीड तास उशिरा झोपायला लावलं. झोप साडेसात तासांवरून सव्वासहाच्या आसपास आली, म्हणजे आपल्याकडे ज्याला कोणी ‘कमी झोप’ म्हणणारही नाही एवढी. इन्सुलिनला शरीराचा विरोध जवळपास १५ टक्क्यांनी वाढला, रजोनिवृत्ती झालेल्या महिलांत २० टक्क्यांनी. आणि उपाशीपोटीची शुगर? ती होती तिथेच राहिली.

हे शेवटचं वाक्य तुमच्या ९७ च्या आकड्याशेजारी ठेवून वाचा. उपाशीपोटीची शुगर म्हणजे पासबुकातली शिल्लक. ती तेवढीच दिसते, पण ती राखायला स्वादुपिंडाला किती इन्सुलिन खर्चावं लागलं हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. कमी झोपेत स्नायू आणि चरबीच्या पेशी इन्सुलिनचं नीट ऐकत नाहीत, मग स्वादुपिंड आवाज चढवतं. काही वर्षं हे निभतं. ज्याच्या स्वादुपिंडाची मुळातली ताकद बेताची, त्याचं आधी ढासळतं. आई-वडिलांपैकी कोणाला मधुमेह आहे का हे तुम्ही लिहिलेलं नाही. तुमच्या बाबतीत हे मला सर्वात आधी विचारायचं होतं.

यात तुमच्या वेळापत्रकाचा एक खास तोटा आहे. साडेबाराला झोपणाऱ्याच्या शरीराची रात्र ५.४० ला संपलेली नसते. झोपेचा हॉर्मोन, मेलाटोनिन, अजून रक्तात बऱ्यापैकी असतो आणि तो असताना स्वादुपिंड इन्सुलिन सोडायला आळस करतं. अशा वेळी गोड चहा आणि दोन खाऱ्या पोटात गेल्या की साखर हवी त्यापेक्षा वर चढते आणि रेंगाळते. रात्री साडेदहाला जेवून लगेच आडवं होणाऱ्याची दुसऱ्या टोकाला हीच गत. म्हणजे दोन्ही टोकांची खाणी शरीराच्या रात्रीत शिरतात.

वजन ६४ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःचा आणि आपल्या ब्रिटिश सहकाऱ्याचा एकत्र फोटो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र सहकाऱ्याची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपली चरबी काट्यावर दिसत नाही, पोटाच्या आत बसते. आणि कमी झोप नेमकी तिथेच भर घालते. मेयो क्लिनिकच्या २०२२ च्या प्रयोगात १२ जणांना दोन आठवडे चार तासांची झोप आणि हवं तेवढं खाण्याची मुभा दिली. ते रोज सुमारे ३०० कॅलरी जास्त खाऊ लागले. वजन जेमतेम अर्धा किलो वाढलं, पण पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी ११ टक्क्यांनी वाढली. झोप पूर्ववत केल्यावर खाणं आणि वजन उतरू लागलं, ती चरबी मात्र आणखी काही दिवस वाढतच होती. तुम्ही काट्याऐवजी टेप घ्या. आपल्या पुरुषांत कंबर ९० सेंटीमीटरच्या आत हवी, स्त्रियांत ८०.

रविवारच्या भरपाईबद्दल दोन प्रयोग वरवर परस्परविरोधी वाटतात. एकात चार रात्री साडेचार तास झोपलेल्या तरुणांना दोन रात्री पोटभर झोपू दिलं, तर इन्सुलिनचं काम पूर्ववत झालं. दुसरा २०१९ चा, कोलोरॅडोचा. त्यात पाच तासांचे पाच दिवस, मग वीकेंडला हवी तेवढी झोप, मग पुन्हा पाच तास असं चक्र लावलं. दुसऱ्या फेरीत इन्सुलिनचं काम वीकेंड न मिळालेल्या गटाइतकंच, काही ऊतींत त्याहून जास्त बिघडलेलं निघालं. मी याचा अर्थ असा लावतो की एखाद्या लग्नघाईच्या आठवड्याचं कर्ज फिटतं. दर सोमवारी नव्याने काढलेलं कर्ज रविवारी फिटत नाही. शिवाय रविवारी दहाला उठलात की रात्री झोप एकला लागते आणि सोमवारचा गजर तर तोच.

माझ्याकडच्या एका रुग्णाचं उदाहरण सांगतो, ओळख पटेल असं काहीही न सांगता. वय ४४, लेखापाल, रोजचा लोकलचा प्रवास, झोप सव्वाबारा ते साडेपाच. दवाखान्यातलं बीपी कायम १२६/८२ च्या आसपास, फास्टिंग ९६, एचबीएवनसी ५.६. पत्नीच्या आग्रहाने आला होता. वडिलांना पन्नाशीत मधुमेह झालेला, एवढ्यावर मी दोन तपासण्या सांगितल्या. एक २४ तासांचं बीपी, म्हणजे दंडाला पट्टा बांधून कमरेला छोटं मशीन, जे दिवसा दर अर्ध्या तासाने आणि रात्री तासाने माप घेतं. दुसरी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी शुगर. जागेपणीची सरासरी आली १३१/८४, म्हणजे १३५/८५ च्या आतच. झोपेतली आली १२२/७५. रात्रीची मर्यादा १२०/७०, ती ओलांडलेली. उतार जेमतेम ७ टक्के. दोन तासांची शुगर १५२, जी १४० च्या आत हवी होती. एवढे नॉर्मल रिपोर्ट हातात असताना!

घोरतो का हे पत्नीला विचारलं, कारण रात्रीचं बीपी न उतरण्याचं सर्वात मोठं दुसरं कारण झोपेत श्वास अडकणं. घोरत नव्हता, मान जाड नव्हती, दिवसा गाडी चालवताना पेंग नव्हती. म्हणून झोपेवरच काम करायचं ठरवलं. गोळी दिली नाही. त्याची अडचण झोप न लागण्याची नव्हतीच, तिला वेळच मिळत नव्हता. घरी पोचायला नऊ, जेवण सव्वादहाला, मग मोबाईल. आम्ही एकच गोष्ट हलवली, जेवण. तो संध्याकाळचा डबा सातला ऑफिसातच खाऊ लागला आणि घरी फक्त ताक. त्यामुळे रात्रीचा सगळा क्रम दीड तास अलीकडे सरकला आणि अकराच्या आधी दिवा बंद होऊ लागला. दुपारी तीननंतर चहा बंद. रविवारी उठायची मर्यादा साडेसात. पहिले तीन आठवडे अकराला पडून तो छताकडे बघत होता, असं त्यानेच चिडून सांगितलं. झोपेची वेळ एकदम दीड तास मागे ओढली की हे होतंच. दर चार-पाच दिवसांनी १५ मिनिटं अशी सरकवायला मी आधीच सांगायला हवं होतं.

साडेतीन महिन्यांनी जागेपणी १२७/८१, झोपेत ११३/६९, उतार ११ टक्के, दोन तासांची शुगर १३३. वजन सव्वा किलोने उतरलेलं. याचं सगळं श्रेय झोपेला देणं अप्रामाणिकपणाचं होईल. जेवण लवकर झालं, रात्रीचा चिवडा सुटला, त्याचाही वाटा आहेच. शिवाय २४ तासांचं माप एका रात्रीतून दुसऱ्या रात्रीत बदलतं आणि पट्टा फुगल्याने काहींची झोपच मोडते. एकच रिपोर्ट पाहून ‘उतार नाही’ असा शिक्का मी मारत नाही.

पुराव्याच्या मर्यादाही सांगतो. वर्षानुवर्षं केलेले अभ्यास संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. कमी झोपणारा माणूस ताणात असतो, चालत नाही, उशिरा खातो. प्रयोगशाळेतले अभ्यास कारण दाखवतात, पण ते दिवसांचे असतात, दशकांचे नाहीत. झोप वाढवल्याने बीपी-शुगर किती उतरते याचे प्रयोग छोटे आणि थोडे आहेत. त्यामुळे ‘एक तास जास्त झोपा, बीपी इतकं उतरेल’ असं छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कमी झोपणाऱ्या प्रत्येकाला मधुमेह होत नाही, आणि ज्यांचं बीपी आधीच जास्त आहे त्यांनी झोपेच्या आशेवर गोळी लांबवू नये.

तुम्ही काय करावं? दंडाला बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. सात दिवस सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसा आणि एका मिनिटाच्या अंतराने दोन मापं घ्या. संध्याकाळी तसंच. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा वर असेल तर डॉक्टरांकडे जा. त्याच आठवड्यात दिवा बंद केल्याची आणि उठल्याची खरी वेळ लिहून ठेवा. लोकलमधली डुलकी त्यात धरू नका. तिने पेंग जाते, पण बसून, दर स्टेशनाला दचकत मिळालेली झोप रात्रीच्या गाढ झोपेची जागा घेत नाही.

शुगरसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी एकदा करून घ्या, आई-वडिलांना मधुमेह असेल तर नक्कीच. उपाशीपोटीचं इन्सुलिन तपासण्याचा आग्रह लॅबवाले धरतील. वेगवेगळ्या लॅबचे आकडे जुळत नाहीत आणि त्यावरून उपचार बदलत नाहीत, तेव्हा ते पैसे वाचवा. तुमच्या घरातल्या स्त्रिया तपासणार असतील तर त्यांचं हिमोग्लोबिनही बघा, कारण लोहाची कमतरता असली की एचबीएवनसी खोटं जास्त येऊ शकतं.

आणि घरच्यांना विचारा, तुम्ही घोरता का, झोपेत श्वास थांबून मग दचकून उठता का. दहा तास झोपूनही रविवारी डोकं जड राहत असेल तर झोपेचे तास वाढवण्याआधी झोपेची तपासणी करावी लागेल, कारण श्वास अडकत असेल तर आठ तासही पाचच तासांसारखे जातात.